एजन्सीचं बिल कशावर फाडायचं?

येवल्यातला एक पैठणी विक्रेता धरू. दुकान आहेच, शिवाय स्वतःच्या वेबसाइटवरून साड्या विकतो आणि गूगल-इन्स्टाग्रामवर महिन्याला 2 लाखांच्या जाहिराती करतो. त्या चालवायला एजन्सी नेमली आहे. तिला पैसे कोणत्या हिशोबाने द्यायचे?

सर्वांत सोपी पद्धत ठरावीक मासिक फीची, समजा 30,000 रुपये. धोका असा की पहिले दोन महिने धावपळ होते आणि मग जाहिराती आपोआप चालू राहतात. गूगलच्या जाहिरात खात्यात Change history उघडलं, की महिन्याभरात कोणी काय बदललं ते दिसतं. उलट ‘दिवाळीचं एक बॅनर तेवढं करून द्या’ म्हणत कामं वाढवणारे मालकही कमी नाहीत.

दुसरी पद्धत खर्चावर टक्केवारीची. ती वृत्तपत्रांच्या जमान्यातली. मान्यताप्राप्त एजन्सीला वृत्तपत्रंच 15 टक्के कमिशन देत. तोच दर इथे लावला तर 2 लाखांवर 30,000 होतात. लग्नसराई सरली, आता खर्च 1 लाख 20 हजारांवर आणा, असं एजन्सीने सुचवलं तर तिचेच 12,000 बुडतात. लबाडी असेलच असं नाही, पण असा सल्ला द्यायला जीभ जरा जडच होते.

मग विक्रीवरच पैसे द्यावेत, हे मालकांना फार पटतं. माझ्या मते सगळ्यात जास्त चोरवाटा इथेच आहेत. जाहिरातींमुळे झालेल्या विक्रीवर 8 टक्के ठरले आणि महिन्याच्या अहवालात 6 लाखांची विक्री दिसली, तर बिल होतं 48,000. आता त्या 6 लाखांत शिरून पाहू. 2 लाखांच्या साड्या दुकानाचं नाव गूगलवर टाइप करून आलेल्यांनी घेतल्या. ही मंडळी येणारच होती; एजन्सीने त्यांच्या वाटेत फक्त एक जाहिरात उभी केली. आणखी लाखभराची पार्सलं ‘घरपोच पैसे’वाली होती, ती दारातूनच परत आली. खरी नवी विक्री उरली 3 लाख, म्हणजे 8 टक्क्यांचा दर प्रत्यक्षात 16 टक्के पडला.

हे पकडायला Search terms अहवाल पुरतो. लोकांनी काय टाइप केलं ते त्यात दिसतं. शंका राहिलीच तर दुकानाच्या नावावरची जाहिरात दोन आठवडे बंद ठेवावी आणि एकूण ऑर्डरी आपल्या वहीत मोजाव्या. त्या फारशा घटल्या नाहीत, तर त्या जाहिरातीचं श्रेय फुकटचं होतं. एजन्सीचंही ऐकावं, कारण साडी महाग असली किंवा वेबसाइट अडखळत असली, तर विक्री पडते ती तिच्या चुकीने नव्हे.

मला बरी वाटते ती मिश्र रचना: कामापुरती ठरावीक फी आणि वर परतावे वजा करून, नावाच्या शोधातून आलेली विक्री वगळून, छोटा वाटा. करारात आणखी एक ओळ हवीच: जाहिरात खातं मालकाच्या नावावर राहील, एजन्सीला फक्त ते चालवायची परवानगी असेल.