वजन इथे, मोजणी तिथे

एक मीटर लांब, २५ मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड पोलादी पट्टीचे एक टोक घट्ट आवळा. मोकळ्या टोकाला ५०० ग्रॅम टांगले, तर मध्यबिंदू आणखी सुमारे ५.७ मिलिमीटर खाली जातो. आता तेच वजन मध्यावर टांगा आणि टोक मोजा. पुन्हा ५.७! खरे तर टोकावर टांगलेले वजन पट्टीला कितीतरी जास्त वाकवते, तरी हे दोन आकडे जुळतात.

जेम्स क्लार्क मॅक्सवेलने हा नियम १८६४ मध्ये मांडला. कारण ऊर्जेत आहे. दोन्ही ठिकाणी वजने टांगायची असतील, तर आधी कोणते टांगले याने पट्टीत साठणारी एकूण ऊर्जा बदलत नाही. क्रमाने फरक पडतो तो एवढाच, की आधी टांगलेले वजन दुसऱ्यामुळे आणखी खाली उतरते. ती दोन जादा कामे सारखीच असावी लागतात.

प्रयोगशाळेत याचा मोठा फायदा होतो. डायल गेज टोकाशीच ठेवून वजन पट्टीभर सरकवत न्यायचे. मिळालेल्या नोंदी म्हणजे टोकावर वजन असतानाचा पट्टीचा पूर्ण आकार.

आकडे जुळले नाहीत तर आधी पकड तपासावी, ती बहुधा सैल असते. वजन दुप्पट केल्यावर झुकाव दुप्पट व्हायला हवा आणि वजन काढल्यावर काटा शून्यावर यायला हवा. पट्टी कायमची वाकली असेल, तर हा नियम लागूच पडत नाही.