‘सुधीर’ या नावाचा उच्चार: एक उदाहरण

महाप्राण व्यंजने व दीर्घ स्वर यांची लक्षणे आपण पाहिली. आता ती एका प्रत्यक्ष प्रसंगाला लावून पाहू. कार्यालयातील इंग्रजीभाषक सहकारी स्त्री सुधीरला ‘सडीअ’ अशी हाक मारते आणि योग्य उच्चार विचारते. तिने नाव Sudhir असे वाचलेले असते. या लेखनातील h तिला निरर्थक वाटतो आणि i ऱ्हस्व की दीर्घ, हेही कळत नाही.

इंग्रजीत महाप्राण नाहीत, ही समजूत अर्धवट आहे. ‘किंग’, ‘पेन’ या शब्दांच्या आरंभी इंग्रजीभाषक श्वास सोडतातच. ते अघोष महाप्राण होत. अडचण आहे ती घोष महाप्राणाची. ‘ध’ उच्चारताना स्वरतंतूंचे कंपन चालू राहते आणि त्याच वेळी श्वासही सुटतो.

तेव्हा आधी तिचा कान तयार करावा. ‘दीर’ आणि ‘धीर’ हे शब्द उलटसुलट क्रमाने दहा-बारा वेळा उच्चारावेत व कोणता ऐकू आला ते तिला ओळखू द्यावे. भेद ऐकू येऊ लागला की तिच्याच भाषेतील ‘मॅडहाउस’ हा शब्द घ्यावा. तो भरभर म्हणताना ‘ड’ आणि ‘ह’ एकमेकांना चिकटतात व ‘ढ’च्या जवळचा ध्वनी तयार होतो. मग जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे पूर्ण टेकवून तोच उच्चार करण्यास सांगावे. टोक अर्धवट टेकले तर हवा घासत जाते आणि ‘दॅट’मधला इंग्रजी ध्वनी उमटतो.

पडताळ्यासाठी एक तळहात तोंडासमोर व दुसऱ्या हाताची बोटे कंठावर ठेवावीत. तळहाताला श्वास लागला, पण कंठातील कंपन मध्येच तुटले, तर ‘सुथीर’ झाले. कंपन टिकले, पण श्वास जाणवला नाही, तर ‘सुदीर’. ‘सुदहीर’ ऐकू आले, तर दोन ध्वनी अजून सुटेच आहेत.

दीर्घ ‘ई’ तिला येते. बिघडते ते शेवटच्या ‘र’मुळे. ‘बीअर’ म्हणण्याच्या सवयीने ‘ई’ ‘अ’कडे घसरते आणि ‘र’ गळतो. म्हणून प्रथम ‘सुधी’ एवढेच म्हणावे, ‘ई’ स्थिर धरावी आणि मग जिभेच्या एका हलक्या ठोक्याने ‘र’ जोडावा. इंग्रजीत आघात नसलेला स्वर दुबळा होतो, त्यामुळे ‘सु’चा ‘स’ होण्याची शक्यता असते. ‘उ’ ऱ्हस्व असला तरी ओठांचा गोल सुटू देऊ नये.

हा क्रम इंग्रजीभाषकासाठी आहे. फ्रेंच भाषकाला ‘ह’च अनोळखी, त्यामुळे तेथे आरंभ ‘ह’पासून करावा लागेल. जपानी भाषकाला मात्र ऱ्हस्व-दीर्घ भेद समजावण्याची गरज नाही. त्याच्या भाषेत त्या भेदाने अर्थ बदलतो.