क्षेत्राच्या आकड्यांची मांडणी : सूत्र न लिहिता

मोबाइलवर घेतलेली शेताची मोजणी बहुधा चौरस मीटरमध्ये येते. सात-बारा उताऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर अशा तीन भागांत लिहिलेले असते. १ हेक्टर म्हणजे १०० आर व १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. म्हणून येथे गुणाकार-भागाकार करावा लागत नाही, केवळ अंक योग्य जागी विलग करावे लागतात. मोजणी 12473 चौरस मीटर असेल तर उजवीकडून दोन अंक चौरस मीटरचे, त्यापुढील दोन आरचे व उरलेला हेक्टरचा; म्हणजेच 1.24.73. शेदोनशे शेतकऱ्यांची यादी असल्यास हे काम हाताने करण्यात वेळ जातो व चुका होतात. एक्सेलमध्ये २०१३ च्या आवृत्तीपासून असलेल्या Flash Fill या सोयीने ते सूत्र न लिहिता करता येते.

कृती अशी आहे. A रकान्यात अनुक्रम, B मध्ये शेतकऱ्याचे नाव व C मध्ये चौरस मीटरचा पूर्णांकी आकडा असावा. आकड्यात दशांश असल्यास तो आधी जवळच्या पूर्णांकात आणावा. D हा रकाना C ला लागूनच असावा, मध्ये रिकामा रकाना ठेवू नये. C मधील 12473 समोर D मध्ये 1.24.73 असे स्वतः लिहावे. त्याखालील चौकटीवर येऊन Ctrl व E या कळा एकत्र दाबाव्यात, अथवा Data या विभागातील Flash Fill निवडावे. यंत्र आपल्या नमुन्यावरून रीत ओळखते व उरलेल्या चौकटी भरते. लिहिलेल्या आकड्याची तारीख होत असल्यास D रकान्याचा प्रकार आधी Text करावा व नमुना पुन्हा लिहावा.

येथेच सावध राहावयास हवे. यंत्राला हेक्टर किंवा आर कळत नाही, ते केवळ अंकांच्या जागा पाहते. 12473 या नमुन्यावरून “पहिला अंक, मग टिंब, नंतरचे दोन अंक, मग टिंब, शेवटचे दोन अंक” अशी रीत त्याने धरली, तर चार अंकी 8000 समोर 8.00.00 असे उतरू शकते. ज्या शेतकऱ्याची जमीन ८० आर आहे त्याच्या नावावर ८ हेक्टर चढतात, आणि अल्पभूधारक शेतकरी यादीत मोठा जमीनदार दिसू लागतो. खरे उत्तर 0.80.00 असे आहे.

यावर उपाय सोपा आहे. प्रथम संपूर्ण तक्ता निवडून C च्या चढत्या क्रमाने लावावा. केवळ C रकाना निवडून क्रम लावल्यास एकाचे क्षेत्र दुसऱ्याच्या नावासमोर जाईल, हे ध्यानात ठेवावे. आता तीन अंकी, चार अंकी, पाच अंकी व सहा अंकी आकडे आपोआप निरनिराळ्या गटांत येतील. प्रत्येक दोन गटांमध्ये एक पूर्ण रिकामी ओळ घालावी व प्रत्येक गटाला स्वतंत्र नमुना देऊन Ctrl व E दाबावे. नमुने असे होतील :

```
640      0.06.40
8364     0.83.64
12473    1.24.73
124738   12.47.38
```

नमुन्यासाठी शक्यतो ज्यातील सर्व अंक वेगळे आहेत असा आकडा घ्यावा. 8000 हाच नमुना दिल्यास 0.80.00 मधील पहिले शून्य आपण बाहेरून घातले की मूळ आकड्यातून उचलले, हे यंत्राला उमगत नाही. मग 8364 समोर भलताच अंक पुढे येऊ शकतो. गटातील पहिलाच आकडा असा असल्यास खालच्या ओळीत दुसरा नमुना लिहून मगच कळा दाबाव्यात.

भरून झाल्यावर प्रत्येक गटाची पहिली व शेवटची ओळ आणि ज्यांत शून्ये अधिक आहेत अशा ओळी पाहाव्यात. D मधील टिंबे व आरंभीची शून्ये मनात काढून टाकली असता C मधील आकडा जसाच्या तसा मिळाला पाहिजे. तो न मिळाल्यास त्या गटातील भरलेला भाग पुसून आणखी एक नमुना द्यावा. सर्व बरोबर असल्यास रिकाम्या ओळी काढाव्यात व A मधील अनुक्रमाने तक्ता पूर्ववत लावावा.

एक मर्यादा शेवटी सांगणे अवश्य आहे. D मध्ये आलेली अक्षरे स्थिर असतात. पुढे फेरमोजणी होऊन C मधील आकडा बदलला तरी D मध्ये जुनेच क्षेत्र राहते. म्हणून C मध्ये दुरुस्ती केली की त्याच ओळीतील D ही तत्काळ दुरुस्त करावा. तसेच D मधील मजकुराची बेरीज होत नाही. गावाचे एकूण क्षेत्र काढावयाचे असल्यास ते C वरूनच काढावे.