केस रंगवल्यानंतर दोन दिवसांनी आलेली तक्रार

शनिवारी दुपारी पार्लरमध्ये केस रंगवून गेलेल्या बाईंचा सोमवारी सकाळी फोन येतो. कपाळावर, कानांमागे लाल पुरळ उठले आहे, रात्रभर खाज होती, आता पापण्या सुजल्या आहेत. पार्लरचालक ताईंच्या मनात पहिला विचार येतो, ‘शनिवारी तर काहीच झालं नव्हतं. मधे यांनीच काहीतरी लावलं असणार.’

हा विचार बोलून दाखवण्याआधी रंगाचा स्वभाव माहीत हवा. कायमस्वरूपी काळ्या-तपकिरी रंगांत बहुधा पीपीडी नावाचे रसायन असते. त्याची अ‍ॅलर्जी लगेच दिसत नाही. साधारण एक ते तीन दिवसांनी खाज, पुरळ आणि सूज येते, आणि ती टाळूपेक्षा पापण्या, कान, मान यांवर जास्त दिसते. रंग लावतानाच आग झाली, तर ती बहुतेक वेळा रसायनाने त्वचा चुरचुरल्याची खूण असते. वर्षानुवर्षे तोच रंग लावणाऱ्यालाही अ‍ॅलर्जी अचानक सुरू होऊ शकते. लग्नसमारंभात काढलेल्या ‘काळ्या मेंदी’त अनेकदा पीपीडीच मिसळलेले असते. ती एकदा त्रासदायक ठरली, की पुढे केसांचा रंगही सोसत नाही. म्हणून दोन दिवसांनी आलेली तक्रार खोटी मानायला काहीच आधार नाही.

फोनवर आधी तब्येत विचारायची. श्वास घ्यायला त्रास होतो का, ओठ किंवा जीभ सुजली आहे का, चक्कर येते का? यातले काहीही असेल तर ताबडतोब रुग्णालयात जायला सांगायचे. डोळे सुजत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. केस सौम्य शाम्पूने, भरपूर पाण्याने धुवायला सांगावे; मलम किंवा गोळी मात्र पार्लरने सुचवू नये. ‘ही अ‍ॅलर्जीच आहे’ किंवा ‘आमच्या रंगाने असं होतच नाही’ ही दोन्ही वाक्ये टाळावीत, कारण निदान डॉक्टरांचे काम आहे. एवढे म्हणणे पुरे: ‘ताई, तुम्ही आधी डॉक्टरांना दाखवा. कोणता रंग लावला ते मी पाकिटाच्या फोटोसकट लगेच पाठवते.’ त्या माहितीचा डॉक्टरांना खरोखर उपयोग होतो.

फोन ठेवल्यावर लगेच रजिस्टरमध्ये तारीख, वेळ आणि बाईंचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहावे. त्यांच्या परवानगीने फोटो मागवावेत आणि ते इतर कोणालाही दाखवू नयेत. उरलेला रंग, डेव्हलपरची बाटली आणि रिकामे खोकेही जपून ठेवावे.

आता त्यांचे कार्ड काढू. त्यावर रंगाचे नाव, शेड, बॅच नंबर, मुदत संपण्याची तारीख, रंग किती मिनिटे ठेवला आणि कोणी लावला, हे असायला हवे. पॅच टेस्टची नोंदही हवी. पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे थोडा रंग कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास वाट पाहायची असते. समजा, कार्डावर दिसते की टेस्ट आठ महिन्यांपूर्वी, दुसऱ्या कंपनीच्या रंगाने केली होती. या वेळी ‘नेहमीच्याच तर आहेत’ म्हणून ती राहिली.

अशा वेळी मागची तारीख घालून नवी ओळ लिहायचा मोह होतो. तो महागात पडतो. शाई, शेजारची पाने, बिल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश यांच्याशी ती ओळ जुळत नाही. आणि एक नोंद खोटी ठरली की उरलेल्या खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. विसरलेले काही लिहायचेच असेल, तर आजची तारीख घालून खाली वेगळे लिहावे.

इथे टेस्ट राहिली ही पार्लरची चूक आहे. बिलाचे पैसे परत करणे आणि पावत्या पाहून डॉक्टर-औषधांचा वाजवी खर्च देणे हेच न्याय्य. व्यवसायाचा विमा असेल, तर पैसे कबूल करण्याआधी विमा कंपनीला कळवावे. काय ठरले ते दोघींच्या सह्यांनिशी लिहून ठेवावे.

याउलट, टेस्ट वेळेवर झाली होती, त्वचा स्वच्छ होती, मुदतही संपलेली नव्हती असे कार्ड सांगत असेल, तर पार्लरकडे काळजी घेतल्याचा पुरावा आहे. टेस्ट चांगली आली तरी पुढे त्रास होणारच नाही, अशी खात्री मात्र नसते. हे रंग लावण्यापूर्वीच गिऱ्हाइकाला सांगून सही घ्यावी. पण केवळ सहीमुळे निष्काळजीपणा माफ होत नाही. बॅचमध्येच दोष वाटला, तर ती वापरणे थांबवून उत्पादकाला आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवावे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे जाता येते. कार्डे त्याहून थोडी जास्त, तीन वर्षे ठेवावीत. आणि बाई पुन्हा रंगवायला आल्या, तर त्वचारोगतज्ज्ञांच्या पॅच टेस्टचा अहवाल पाहिल्याशिवाय ब्रश हातात घेऊ नये. पीपीडीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते.