अमेरिकन कॅप्सूल, भोपळ्याच्या बिया आणि मूत्राशयात उरलेली लघवी

एक निवृत्त गुरुजी डोळ्यांसमोर आणा. वय ६८, रात्री चारदा उठायचं, संडासात उभं राहिलं की धार सुरू व्हायला वेळ, ती बारीक, मध्येच तुटणारी, आणि बाहेर आलं की पुन्हा जावंसं वाटणारी. दिवाळीत न्यू जर्सीहून मुलगा येतो तेव्हा बदाम-पिस्त्यांबरोबर एक बाटली आणतो. 'सॉ पाल्मेटो. बाबा, तिकडे सगळे घेतात.' घरात लाल भोपळ्याच्या बिया भाजून ठेवायला सुरुवात होतेच. तीन महिन्यांनी गुरुजी सांगतात, 'आता तीनदाच उठतो.' गुरुजी खोटं बोलत नाहीत. पण या एका वाक्यात किती घोळ आहे, ते पाहण्यासारखं आहे.

सॉ पाल्मेटो म्हणजे अमेरिकेच्या आग्नेय भागात, विशेषतः फ्लोरिडात, जमिनीलगत वाढणारं ताडाच्या कुळातलं झुडूप. देठांना करवतीसारखे दाते, म्हणून 'सॉ'. त्याच्या काळपट फळांचा तेलकट अर्क कॅप्सूलमध्ये भरतात. नेहमीचा डोस दिवसाला ३२० मिलिग्रॅम. त्यामागचा तर्क चांगला आहे. प्रोस्टेट वाढते ती टेस्टोस्टेरॉनपासून बनणाऱ्या एका जास्त जोरकस संप्रेरकामुळे. ते बनवणाऱ्या विकराला हा अर्क अडवतो, असं प्रयोगशाळेत दिसलं होतं. फिनास्टेराइड हे डॉक्टरी औषधही तेच करतं. १९९८ साली जुन्या १८ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला आणि त्यात निकाल सॉ पाल्मेटोच्या बाजूने लागला. त्या चाचण्या बहुतेक छोट्या आणि काही आठवड्यांच्याच होत्या.

मग मोठ्या चाचण्या झाल्या. २००६ मध्ये २२५ पुरुषांना वर्षभर कॅप्सूल दिल्या, निम्म्यांना खऱ्या आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. डोस कमी पडला असेल, असं म्हणायला जागा होती. म्हणून २०११ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत ३६९ पुरुषांचा डोस टप्प्याटप्प्याने दुप्पट आणि मग तिप्पट, म्हणजे ९६० मिलिग्रॅमपर्यंत नेला. ७२ आठवडे हे चाललं.

या चाचण्यांत त्रास मोजतात तो सात प्रश्नांनी. धार, घाई, रात्रीचं उठणं वगैरे, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, कमाल ३५. सातपर्यंत त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, त्यापुढे तीव्र. २०११ च्या चाचणीत अर्क घेणाऱ्यांचे गुण सरासरी २.२ ने उतरले. खोट्या कॅप्सूलवाल्यांचे मात्र जवळजवळ ३ ने उतरले! २०२३ मध्ये कॉक्रेन संस्थेने २७ चाचण्या एकत्र तपासल्या आणि निष्कर्ष काढला, की लघवीच्या त्रासात फरक पडलाच तर नगण्य. युरोपातल्या मूत्रविकारतज्ज्ञांची संघटना एका विशिष्ट पद्धतीने, हेक्झेन वापरून काढलेल्या अर्काला अजून थोडी जागा देते. मात्र परिणाम माफकच असेल हे रुग्णाला सांगा, असंही बजावते. दुकानातल्या बाटलीवर 'बेरी पावडर' लिहिलेलं असेल तर ती गोष्टच निराळी.

मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते ती पीएसएची गोष्ट. फिनास्टेराइड घेतलं की रक्तातली पीएसए साधारण सहा महिने ते वर्षभरात निम्म्यावर येते, कारण त्या विकराला खरोखर वेसण बसलेली असते. सॉ पाल्मेटोचा डोस तिप्पट करूनही पीएसए हलली नाही. प्रयोगशाळेत दिसलेली गोष्ट माणसाच्या शरीरात घडतच नव्हती, असा याचा सरळ अर्थ.

मग औषध नसलेल्या कॅप्सूलने ३ गुण का उतरावेत? हा त्रास कमी-जास्त होत राहतो. माणूस उपाय शोधतो तो त्रास शिगेला असताना, त्यामुळे पुढचे महिने आपोआप थोडे बरे जातात. शिवाय उपचार सुरू केला की तो संध्याकाळचा दुसरा चहा टाळतो आणि झोपण्याआधी आठवणीने जाऊन येतो. गुरुजींचं 'आता तीनदाच' बहुधा इथून आलेलं असतं.

भोपळ्याच्या बियांची बाजू किंचित बरी आहे. जर्मनीत १४३१ पुरुषांवर वर्षभर चाचणी झाली, २०१५ मध्ये निकाल आले. बियांच्या अर्काची कॅप्सूल खोट्या कॅप्सूलइतकीच ठरली. पण सकाळ-संध्याकाळ पाच-पाच ग्रॅम बियाच खाणाऱ्यांत ५८ टक्क्यांचे गुण पाच किंवा जास्तने उतरले. खोटं औषध घेणाऱ्यांत ४७ टक्क्यांचे. फरक आहे, पण ढोबळ हिशेबाने शंभरातल्या अकरा जणांपुरता. त्यातही बिया खाणाऱ्याला आपण काय खातोय हे माहीत असतंच. तिकडे वापरतात तो ऑस्ट्रियाच्या स्टायरिया भागातला, सालपट नसलेल्या हिरव्या बियांचा तेलाचा भोपळा. आपला भाजीचा लाल भोपळा सहसा त्याच्या दुसऱ्याच भाऊबंदांपैकी. तरीही खाव्यात. पदार्थ म्हणून बिया छानच आहेत.

खरी अडचण अशी, की गुण उतरले म्हणजे मूत्राशय रिकामं होतंय असं नव्हे. अडथळ्यासमोर जोर लावून मूत्राशयाचा स्नायू आधी जाड होतो, मग थकतो. लघवी करून आल्यावरही आत साठा राहतो. तो हळूहळू वाढला तर दुखत नाही. पन्नास मिलिलिटरच्या आत उरलं तर चिंता नाही. तीनशेच्या वर सतत उरत असेल तर मामला गंभीर. दाब वर मूत्रपिंडांपर्यंत पोचला तर ती फुगतात, आणि माणूस मात्र 'पूर्वीपेक्षा बरं आहे' म्हणत असतो.

आपल्या गुरुजींचं पुढे असं होऊ शकतं. वर्षभराने एका पहाटे अंथरूण ओलं होतं. लाजेने ते कुणाला सांगत नाहीत. उतारवयात नव्याने झोपेत लघवी होणं ही तुंबलेल्या मूत्राशयाची ओळखीची खूण आहे: भरलेली टाकी वरून वाहते, तसं. पावलं सुजतात तेव्हा घरचे दवाखान्यात नेतात. सोनोग्राफीत लघवीनंतर ४२० मिलिलिटर शिल्लक, दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली, क्रिएटिनिन २.४. नळी घालतात. काही दिवसांत क्रिएटिनिन १.५ वर येतं, पुढे दुर्बिणीने शस्त्रक्रिया होते. पीएसए लगेच काढत नाहीत, कारण नळीने आणि जंतुसंसर्गानेही ती वाढते. काही आठवडे थांबतात.

कॅप्सूलच्या आधी जे करायचं होतं ते एका सकाळीत होण्यासारखं होतं. गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट चाचपणं (ती मऊ आणि सारखी लागते की कुठे दगडासारखी गाठ आहे, हे बोटालाच कळतं), लघवीची साधी तपासणी, साखर, क्रिएटिनिन, आणि लघवीआधी व नंतर सोनोग्राफी. साखर अशासाठी, की रात्री भरपूर लघवी होत असेल तर दोष प्रोस्टेटचा नसून मधुमेहाचाही असू शकतो. प्रोस्टेटचा कर्करोग सुरुवातीला बहुधा काहीच त्रास देत नाही, म्हणून पीएसए काढायची का हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं. सॉ पाल्मेटो तो आकडा झाकत नाही, फिनास्टेराइड झाकतं. लघवीत रक्त दिसलं, न दुखता आणि एकदाच का असेना, तर थांबू नये; तंबाखू-विडी ओढणाऱ्याने तर मुळीच नाही. युरोपीय औषध नियामकाच्या भोपळा-बियांवरच्या टिपणातही आधी डॉक्टरांनी गंभीर आजार नाहीत हे पाहिलेलं असावं, अशी अटच आहे.

आणि सर्दीच्या गोळ्या. नाक मोकळं करणारी काही औषधं प्रोस्टेटचा स्नायू आवळतात, आणि रात्रीत लघवी पूर्ण बंद होऊ शकते. गुरुजींच्या मुलाने पुढच्या खेपेस तिकडची सर्दीची गोळी आणली, ती त्यांनी त्याच्याच बॅगेत परत ठेवली. बिया मात्र ते अजून खातात, मीठ लावून.