सात किलोंचा तक्ता

सुटकेसमध्ये आता फक्त ७ किलो सामान बसेल, आणि बाहेर चार वस्तू उरल्या आहेत. फराळाचा डबा ३ किलो, चपला १ किलो, पुस्तकं ४ किलो, मिक्सर ५ किलो. कुठली वस्तू किती हवीशी आहे याचे गुणही देऊ: फराळ ४, चपला १, पुस्तकं ५, मिक्सर ७. एकूण गुण जास्तीत जास्त व्हावेत, पण काटा ७ च्या पुढे जाऊ नये. वस्तू घ्यायची तर अख्खी, नाहीतर नाहीच. संगणकशास्त्रात या कोड्याला नॅपसॅक म्हणतात.

पहिला विचार येतो तो किलोमागे सर्वाधिक गुण देणारी वस्तू आधी उचलण्याचा. तसं केलं तर मिक्सर आत जातो, उरलेल्या २ किलोत चपला बसतात आणि गुण होतात ८. फराळ आणि पुस्तकं घेतली असती तर ९ झाले असते. म्हणजे हावरेपणा इथे भरवशाचा नाही.

रिकर्शनची वाट वेगळी. शेवटची वस्तू घ्या, म्हणजे मिक्सर. तो घेतला तर उरलेल्या तीन वस्तूंतून २ किलोत काय साधेल? नाही घेतला तर त्याच तिघांतून ७ किलोत काय साधेल? दोन्ही उत्तरांतलं मोठं ते आपलं. ते छोटे प्रश्नही असेच फोडत जायचे. उत्तर हमखास बरोबर येतं, पण प्रत्येक वस्तूपाशी वाट दुभंगते. ३० वस्तू असल्या तर निवडी होतात २ चा ३० वा घात, म्हणजे १०७ कोटींहून अधिक.

यातली बरीच मेहनत वाया जाते. मिक्सर घेऊन पुस्तकं आणि चपला सोडल्या तर फराळापाशी पोचताना २ किलो उरतात. मिक्सर सोडून पुस्तकं आणि चपला घेतल्या तरीही २ च उरतात. आधी काय घेतलं याच्याशी फराळाला काहीच देणंघेणं नाही; फक्त २ किलोत आपण मावतो का, एवढाच त्याचा प्रश्न. तरी रिकर्शन तो दोनदा सोडवतं. वस्तू वाढल्या की अशी पुनरावृत्ती झपाट्याने वाढते, कारण वाटा अगणित असल्या तरी वेगवेगळे प्रश्न मोजकेच असतात: कितव्या वस्तूपर्यंत आणि किती किलोत. ३० वस्तू आणि २० किलो असतील तर सुमारे सहाशे.

मग प्रत्येक प्रश्नाला एक खाना देऊन उत्तर तिथे लिहून का ठेवू नये? खालून, म्हणजे सोप्या प्रश्नांपासून, सुरुवात केली तर रिकर्शनचीही गरज उरत नाही. रिचर्ड बेलमन यांनी १९५० च्या दशकात या पद्धतीची मांडणी केली. तिचं नाव डायनॅमिक प्रोग्रॅमिंग.

```
किलो      ०  १  २  ३  ४  ५  ६  ७
फराळ      ०  ०  ०  ४  ४  ४  ४  ४
+चपला     ०  १  १  ४  ५  ५  ५  ५
+पुस्तकं    ०  १  १  ४  ५  ६  ६  ९
+मिक्सर    ०  १  १  ४  ५  ७  ८  ९
```

पुस्तकांच्या ओळीतला शेवटचा खाना बघा. पुस्तकं नकोत तर वरच्या ओळीतले ५ तसेच खाली येतात. हवीत तर ५ गुण पदरात पडतात आणि ३ किलो उरतात. वरच्या ओळीत ३ किलोखाली ४ आहेत, म्हणून ९. प्रत्येक खान्याला वरच्या ओळीतले फार तर दोन खाने पाहावे लागतात.

काय घ्यायचं हे उलट चालत कळतं. शेवटचे ९ वरच्या ओळीतही ९ च आहेत, म्हणजे मिक्सर राहिला. त्या ओळीतले ९ त्यावरच्या ५ पेक्षा वेगळे, म्हणजे पुस्तकं घेतली. आता ३ किलोच्या स्तंभात जायचं. तिथे चपलांनी काही बदललं नाही, आणि फराळ आत.

पुढच्या ओळीला फक्त आधीचीच ओळ लागते, म्हणून प्रोग्रॅमर बहुतेकदा एकच ओळ ठेवून तीच बदलत जातात:

```
for c in range(W, wt - 1, -1):
    best[c] = max(best[c], best[c - wt] + val)
```

शेवटचा `-1` ओळ उजवीकडून डावीकडे भरायला सांगतो. डावीकडून भरली तर ३ किलोच्या खान्यात फराळाचे ४ गुण आधीच पडलेले असतात, आणि ६ च्या खान्यापाशी तोच डबा पुन्हा मोजून ८ होतात. प्रोग्रॅम कुठे अडखळत नाही, त्यामुळे ही चूक लवकर सापडतही नाही. एकट्या फराळाचा डबा आणि ७ किलो देऊन पाहावं: उत्तर ४ ऐवजी ८ आलं की दिशा चुकली. शिवाय एकाच ओळीवर भागवलं की वरच्या ओळी पुसल्या जातात आणि उलट चालण्याची सोय जाते. गुण कळतात, सामानाची यादी वेगळी सांभाळावी लागते.

खरी मर्यादा वजनांची आहे. स्तंभ पूर्णांकात हवेत. काटा ग्रॅममध्ये वाचायचा ठरवला आणि डबा ३ किलो १४७ ग्रॅम भरला, तर ८ स्तंभांचे ७००१ होतात. वस्तू तेवढ्याच, पण तक्ता जवळपास नऊशेपट. आकड्याला एक अंक वाढला की तक्ता दहापट होतो, म्हणूनच हा तक्ता असूनही नॅपसॅक अवघड प्रश्नांतच मोडतो. रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये दिलेल्या २१ अवघड प्रश्नांच्या यादीत तो आहे. आपल्या चार वस्तूंसाठी ग्रॅमचा तक्ता २८ हजार खान्यांचा होईल. सगळ्या निवडी मात्र १६ च आहेत. त्या हातानेच तपासलेल्या बऱ्या.