दोनदा उमटणारा काना आणि सॉकेटमधला स्विच

इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी टाइप करणाऱ्यांना कीबोर्डवरच्या E या बटणावर काना मिळतो. मराठीत काना पदोपदी लागतो, त्यामुळे दिवसभर मजकूर टाइप करणाऱ्या माणसाच्या कीबोर्डवर ते बटण सर्वाधिक राबते. समजा, अशा एखाद्याचा मेकॅनिकल कीबोर्ड काही वर्षे उत्तम चालला आणि मग एक दिवस ‘काम’ लिहिताना ‘क’पुढे दोन काने पडू लागले. बोट एकदाच दाबले होते. दहा वेळा नीट उमटते आणि अकराव्या वेळी जोडीने. इंग्रजीत येऊन तेच बटण दाबले तर e च्या जागी ee येते, म्हणजे दोष फॉन्टचा किंवा मराठी लेआउटचा नाही. बिघाड बटणाखालीच आहे.

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली एक स्वतंत्र स्विच असतो. त्यात एक स्प्रिंग, वरखाली सरकणारा प्लास्टिकचा दांडा आणि पितळी छटेच्या दोन पातळ पट्ट्या असतात. बटण दाबले की दांडा खाली जातो आणि पट्ट्या एकमेकींना टेकतात. धातूला धातू टेकताना तो क्षणभर थरथरतो, म्हणजे एका दाबात जोडणी अनेकदा जुळते आणि तुटते. ही थरथर मोजली जाऊ नये म्हणून कीबोर्डमधला प्रोग्रॅम काही मिलिसेकंद थांबून मगच निर्णय घेतो. क्यूएमके या प्रचलित मुक्त प्रोग्रॅममध्ये ही मुदत मुळात ५ मिलिसेकंद ठेवलेली असते. पट्टी झिजली, तिच्यावर धूळ किंवा ओलाव्याचा थर बसला, की थरथर या मुदतीपलीकडे लांबते आणि कीबोर्डला एकच दाब दोन वाटतात.

जुन्या पद्धतीच्या कीबोर्डमध्ये यावरचा उपाय किचकट आहे. तिथे स्विचचे दोन्ही धातूचे पाय सर्किट बोर्डाला सोल्डरने जोडलेले असतात. कीबोर्ड पूर्ण उघडायचा, सोल्डर वितळवून शोषून घ्यायचे, स्विच काढायचा, नवा बसवून पुन्हा डाग द्यायचे. सवय नसलेल्या हाताने उष्णता जास्त दिली तर बोर्डावरचा तांब्याचा थर सुटून येतो, आणि एका काण्यापायी अख्खा कीबोर्ड जातो.

हॉट-स्वॅप सॉकेटने हे काम सोपे केले. सोल्डर इथेही असते, पण ते कारखान्यातच सॉकेटला दिलेले असते, स्विचला नाही. सर्किट बोर्डाच्या खालच्या बाजूला प्रत्येक बटणाच्या जागी प्लास्टिकचा एक छोटा तुकडा बसवलेला असतो. त्यात धातूच्या दोन नळ्या असतात आणि त्यांच्या आत लवचिक पाती. स्विचचा पाय वरून बोर्डाच्या भोकातून खाली उतरतो, नळीत शिरतो आणि पाती त्याला दोन्हीकडून धरतात. भिंतीवरच्या प्लगमध्ये पिन धरली जाते तसाच हा प्रकार. कैल्ह आणि गेटरॉन या चिनी कंपन्यांचे सॉकेट आज सर्रास दिसतात. लॉजिटेकने २०१९ मध्ये जी प्रो एक्स या कीबोर्डात स्विच बदलण्याची सोय दिली, कीक्रॉनच्या अनेक मॉडेलांमध्येही ती असते. हे सगळे शक्य होते कारण जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८० च्या दशकात आणलेल्या एमएक्स स्विचची मापे इतरांनीही उचलली. पत्र्यातले चौकोनी भोक १४ मिलिमीटरचे, दोन धातूचे पाय ठरावीक जागी, मधोमध ४ मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा खुंट. या मापाचा स्विच कोणत्याही कंपनीचा असला तरी बहुतेक सॉकेटांत बसतो.

सॉकेटचा कच्चा दुवा मात्र आधी समजून घ्यायला हवा, कारण घरच्या दुरुस्तीतले बहुतेक नुकसान तिथेच होते. सॉकेट बोर्डाच्या खालच्या अंगाला दोन सोल्डरच्या ठिपक्यांवर तोललेला असतो. ते ठिपके ज्या तांब्याच्या थरावर असतात तो केसापेक्षाही पातळ. स्विच वरून दाबून बसवताना लागणारे बळ सॉकेटला बोर्डापासून दूर ढकलते, म्हणजे ज्या दिशेने तो सर्वात सहज उखडेल नेमक्या त्याच दिशेने. पाय सरळ भोकात उतरला तर हे बळ थोडे असते. पाय वाकडा असेल किंवा भोकाच्या कडेला अडला असेल आणि माणूस अंगठ्याने जोर लावत राहिला, तर एक तर पाय दुमडतो किंवा सॉकेट सुटतो.

खरेदीआधी दोन-तीन गोष्टी पाहाव्या लागतात. काही स्विचना तीन टेकू असतात, काहींना पाच. जास्तीचे दोन म्हणजे स्विच डगमगू नये म्हणून दिलेले प्लास्टिकचे बारीक खुंट. बोर्डाला त्यांची भोके नसतील तर ते खुंट नेलकटरने मुळापासून छाटून टाकावेत. विजेच्या जोडणीशी त्यांचा संबंध नाही. मात्र काही स्वस्त कीबोर्डांतले सॉकेट ओटेमूच्या बारीक पायांच्या स्विचसाठीच बनवलेले असतात. त्यात इतरांचे जाड पाय रेटून बसवले की आतली पाती कायमची रुंदावतात आणि मग मूळचा बारीक पायही सैल बसतो. बुटक्या बटणांच्या पातळ कीबोर्डांचे, प्रकाशावर चालणारे आणि चुंबकावर चालणारे स्विच वेगळ्या जातीचे आहेत. ‘हॉट-स्वॅप’ हा शब्द त्यांच्या खोक्यावरही छापलेला असतो, पण एमएक्सचा साधा स्विच तिथे चालत नाही.

आता त्या बिघडलेल्या काण्याकडे. नवा स्विच मागवण्याआधी एक चाचणी करता येते आणि तिला खर्च काहीच नाही. E चा स्विच आणि क्वचितच वापरात येणारा, उदाहरणार्थ स्क्रोल लॉक किंवा इन्सर्टचा स्विच, यांची अदलाबदल करायची. मग पुन्हा टाइप करून पाहायचे. E आता नीट चालला आणि त्याचा जुना स्विच नव्या जागी गडबड करू लागला, तर दोष स्विचचा. स्विच बदलूनही E दोनदाच उमटत राहिला, तर सॉकेट किंवा बोर्ड दोषी, आणि नव्या स्विचचे पैसे वाया गेले असते. सॉकेट नसलेल्या कीबोर्डवर ही परीक्षा सोल्डरिंगशिवाय करताच येत नाही.

काम सुरू करण्याआधी यूएसबीची वायर काढावी. बिनतारी कीबोर्ड बटणाने बंद करावा. मग तारेच्या चिमट्याने कीकॅप सरळ वर ओढून काढायची. आत स्विचचा वरचा भाग दिसतो. त्याच्या चार बाजूंपैकी दोन बाजूंना, म्हणजे आकड्यांच्या ओळीकडच्या आणि स्पेसबारकडच्या अंगाला, पत्र्यात अडकणाऱ्या लहान खिट्ट्या असतात. स्विच काढायचा चिमटा, ज्याची टोके आतल्या बाजूला वळलेली असतात, तो याच दोन बाजूंना लावायचा. डाव्या-उजव्या बाजूला लावला तर तो नुसता घसरतो आणि पत्र्यावर ओरखडे उठतात. टोके खिट्ट्यांवर बसली की चिमटा आवळायचा, खिट्ट्या आत दबल्या की सरळ वर ओढायचे. स्विच घट्ट असेल तर किंचित पुढे-मागे हलवावा, पण तिरका उपसू नये, कारण अशाने पाय वाकतात.

स्विच हातात आला की तो उलटा करून पाहावा. दोन्ही पाय ताठ आणि एकमेकांना समांतर हवेत. नव्या कोऱ्या पाकिटातल्या स्विचचेही पाय वाटेत वाकलेले असू शकतात. बारीक पकडीने किंवा चिमट्याने ते हळूच सरळ करता येतात. तोच पाय तीन-चारदा वाकवला मात्र तुटतो. दोन पाय एका रेषेत नसतात, एक जरा खाली आणि एक वर, त्यामुळे स्विच एकाच दिशेने बसतो. पत्र्याच्या भोकातून बोर्डावरची दोन भोके पाहून दिशा ठरवावी. मग स्विच अगदी उभा धरून पाय भोकांवर टेकवायचे आणि अंगठ्याने दाबायचे. खिट्ट्या पत्र्यात बसल्याचा टक् असा आवाज येतो. वाजवीपेक्षा जोर लागतोय असे वाटले तर तिथेच थांबून स्विच बाहेर काढावा. कीबोर्डचा तळ उघडता येत असेल तर दुसऱ्या हाताचे बोट खालून सॉकेटवर टेकवून ठेवावे, म्हणजे वरच्या दाबाने तो उखडत नाही. नव्याने हे काम करणाऱ्याने, आणि विशेषतः सगळे स्विच बदलणाऱ्याने, हा तळ उघडण्याचा त्रास घ्यावाच.

बसवलेला स्विच वरून अगदी सपाट दिसूनही बटण मुके राहिले, तर बहुतेक वेळा एक पाय भोकात न जाता स्विचच्या पोटाखाली दुमडलेला असतो. काढून पाहिले की ते लगेच कळते. पाय सरळ असूनही बटण चालत नसेल, तर तळ उघडून खालून सॉकेट बोटाने दाबून धरावा आणि त्याच वेळी बटण दाबावे. दाबल्यावर चालते आणि सोडल्यावर बंद पडते, म्हणजे सॉकेटचा टाका सुटला आहे. तांब्याचा थर शाबूत असेल तर कोणताही इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारा तो दोन मिनिटांत परत जोडून देईल. थरच उखडला असेल तर बारीक तारेने पुढची वाट जोडावी लागते, आणि ते हौशी माणसाचे काम नाही.

एकच स्विच बदलताना शक्यतो त्याच जातीचा घ्यावा. चेरीचा लाल स्विच सुमारे ४५ ग्रॅमच्या दाबाने चालतो आणि थेट खाली उतरतो. तपकिरी सुमारे ५५ ग्रॅमवर चालतो आणि वाटेत बोटाला हलका अडथळा देतो. निळा सुमारे ६० ग्रॅमचा आणि टिकटिकणारा. तपकिरी स्विचच्या रांगेत एकटा लाल बसवला तर काना हलका आणि शेजारचे ‘मात्रा’, ‘हलन्त’ जड लागतात, आणि वेगाने टाइप करणाऱ्या हाताला तो फरक खटकतो. काही जण मात्र हे मुद्दाम करतात. करंगळीखालच्या बटणांना हलके स्विच आणि चुकून धक्का लागू नये अशा एस्केपसारख्या बटणाला जड, अशी वाटणी एकाच कीबोर्डवर करता येते.

सॉकेटचे आयुष्यही मर्यादित आहे. कैल्हच्या सॉकेटांसाठी साधारण १०० वेळा घालण्या-काढण्याची मर्यादा सांगितली जाते. बिघडला की बदलायचा, इतक्याच वापरासाठी ती भरपूर आहे. दर आठवड्याला नवे स्विच लावून पाहणाऱ्या हौशी माणसाला ती दोनेक वर्षांत गाठता येईल. स्पेसबार, एंटर, शिफ्ट यांसारख्या रुंद बटणांचा खडखडाट मात्र स्विच बदलून जात नाही. तो त्यांच्या दोन्ही टोकांना तोलून धरणाऱ्या तारेच्या जोडणीतून, म्हणजे स्टॅबिलायझरमधून येतो. ती जोडणी सॉकेटच्या बाहेर असते. तिची तार सरळ करून टोकांना ग्रीस लावावे लागते, आणि ती बोर्डाला स्क्रूने बसवलेली असेल तर त्यासाठी कीबोर्ड उघडावाच लागतो.